आमची वाटचाल: नग नको, बिलं मोजा

लातूरला आमचं बेअरिंग आणि पट्ट्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणजे डाळ मिल, पिठाच्या गिरण्या, साखर कारखाने आणि सोयाबीनच्या हंगामात मळणीचे हडंबेवाले. वडिलांच्या काळी कप्पा रिकामा दिसला की माल मागवायचा, एवढाच हिशोब असे. पुढे साइझ वाढत गेले, सीसी खात्याचं व्याजही वाढलं, आणि कशात पैसा घालायचा हे आकड्यांवरून ठरवायची वेळ आली.

टॅलीतून वर्षाची विक्री एक्सेलमध्ये घेतली. एकूण नगांनुसार यादी लावली तर ६२०४ नंबरच्या बेअरिंगचे २४० नग आणि ६३०५ चे २१०, म्हणजे दोन्ही वरच्या रांगेत. बिलं उघडली तेव्हा मात्र चित्र वेगळं दिसलं. ६२०४ ची ९६ बिलं होती, तीही बाराही महिन्यांत पसरलेली. ६३०५ ची जेमतेम ४. त्यातलं एक १८० नगांचं, एका कारखान्याच्या कन्व्हेअरच्या ९० रोलरांसाठी, रोलरला दोन याप्रमाणे. तो कारखाना पुढची काही वर्षं पुन्हा एवढे नग मागणार नाही.

म्हणून आम्ही बिलं मोजतो. बी रकान्यात मालाचा कोड, सीमध्ये नग, आणि F2 मध्ये ज्याची बिलं मोजायची तो कोड. परत आलेला माल उणे असल्याने गाळला जातो:

```
=COUNTIFS(B:B,F2,C:C,">0")
```

शिवाय माल किती महिन्यांत विकला गेला तेही बघतो. नऊ किंवा जास्त महिने असतील तर चालता, तीन ते आठ असतील तर मंद, त्याखाली पडून राहणारा. ६२०४ आठवड्याला साधारण ५ जातात. पुण्याहून माल आठवड्यात येतो, कधी दोन लागतात. तेव्हा दोन आठवड्यांचे १० आणि वर ५, असे १५ उरले की ऑर्डर जाते. ६३०५ चे चारच नग ठेवतो. मोठी मागणी आली तर आगाऊ रक्कम घेऊन मागवतो.

हडंब्याच्या पट्ट्यांना हा नियम लावू नये. त्या सप्टेंबर ते नोव्हेंबरात खपतात आणि महिन्यांच्या मोजणीत उगाच मंद ठरतात. त्यांची तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी करायची, ऑगस्टमध्ये भरायच्या आणि दिवाळीनंतर हात आखडायचा. रबर वर्षानुवर्षं कप्प्यात राहिलं की कडक होतं, आणि मग ती पट्टी कुणी घेत नाही.

एक गोष्ट मात्र बिलांत सापडत नाही: जे गिऱ्हाईक परत गेलं ते. त्यासाठी काउंटरवर ‘नाही’ची वही आहे. पत्र्याच्या झाकणाचं ६२०४ संपलं की गिऱ्हाईक रबर सीलचं घेऊन जातं. बिलात सीलवालं चालतं दिसतं, आणि ज्याची खरी मागणी होती ते मंद ठरतं. ऑर्डर काढण्याआधी पोरगा वही आणि शीट शेजारी ठेवतो. पर्याय म्हणून गेलेले नग तो मूळ साइझच्या खात्यात धरतो.