आखाजीच्या सह्या

चैत्र सरत आला की खान्देशात घरोघरी आखाजीची वाट सुरू होते. लेकी माहेरी येणार, लिंबाला झोके बांधले जाणार, खापरावर मांडे पडणार, पितरांची घागर भरणार. आणि याच दिवसांत कुठल्या ना कुठल्या वाड्यात मोठे काका धाकट्या पुतण्याला हळूच सांगतात, "पोरी आखाजीले येतीन, तव्हय सह्या लई लेजो."

सह्या हक्कसोडपत्रावरच्या. ज्याला हे सांगितलं जातं त्याची पंचाईत काकांच्या लक्षात येत नाही. काकांचा शब्द मोडायचा तरी कसा? आणि माहेरपणाला आलेल्या बहिणीपुढे, तिच्या हातात रसाची वाटी असताना, कागद सरकवायचा तरी कसा?

आधी हिशेब बघू. वडील वारले, मागे आई, दोन भाऊ, दोन बहिणी, आणि दहा एकर. जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असेल तर पाच वारस, प्रत्येकी दोन एकर. वडिलोपार्जित असेल तर आधी वडील धरून सहा वाटे, मग वडिलांचा वाटा पाच जणांत. सहावा अधिक तिसावा, म्हणजे पुन्हा पाचवाच. वडिलोपार्जित जमिनीतला मुलीचा हा हक्क जन्मापासूनचा आहे. हिंदू वारसा कायद्यातल्या 9 सप्टेंबर 2005 च्या दुरुस्तीने तो मिळाला, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात स्पष्ट केलं. 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत वाटणी होऊन गेली असेल, तर ती मात्र उकरता येत नाही.

या हिशेबात आईलाही दोन एकर आहेत. बहिणींच्या सह्यांबरोबर तिचीही सही घेऊन टाकतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. मला तर हेच जास्त खटकतं. लेकीला निदान सासर तरी असतं.

काकांना सरसकट लोभी ठरवणं सोपं आहे. सोसायटीचं पीककर्ज काढायचं तर सातबाऱ्यावरच्या सगळ्या खातेदारांची संमती मागतात. एक बहीण सुरतेला, दुसरी नाशिकला असली की पेरणीच्या तोंडावर गाडं अडतं. शिवाय दहा एकरांचे पाच तुकडे झाले तर विहीर कुणाच्या बांधात जाईल, ही भीती खरी असते. पण त्यासाठी हक्कच सोडायला लावावा लागत नाही. सगळ्यांची वारस म्हणून नोंद करायची, कसायला भावांनीच कसायची, आणि कर्जापुरतं संमतिपत्र किंवा मुखत्यारपत्र बहिणींनी भावाला द्यायचं. नाव लागलं म्हणून त्या दिवशी शेताचे तुकडे पडत नाहीत. वाटणी ही वेगळी पायरी आहे.

क्रमही बघण्यासारखा आहे. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसांची खबर द्यायची असते. मग फेरफार नोंद, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस, आणि मंडळ अधिकाऱ्याकडून नोंद प्रमाणित. घोटाळा इथेच होतो. अर्जात बहिणींची नावंच घालत नाहीत, किंवा "ही नुसती नोटिशीची सही" म्हणून दुसऱ्याच कागदावर अंगठा घेतात. तलाठ्यापुढे "मला नको" म्हटल्याने हक्क सुटत नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. म्हणून बहिणीला गाडीत बसवून तालुक्याला नेत असतील, तर ते काम नोटिशीचं नाही एवढं ओळखावं.

मग पुतण्याने काकांना काय सांगायचं? चार पाहुण्यांत तर मुळीच नाही. सकाळी खळ्यावर काका एकटे असताना, खालच्या आवाजात सांगावं: "काका, तहसीलच्या चकरा, सोसायटीचे कागद, सगळं मी करतो. पण ताईला वाचून दाखवल्याशिवाय सही घेणार नाही, आणि आखाजीच्या दिवशी तर नाहीच." काय करणार ते आधी, काय नाही ते नंतर. उलट्या क्रमाने बोललं की काकांना फक्त नकार ऐकू जातो.

मग बहिणीला चालू सातबारा आणि आठ-अ चे उतारे द्यायचे, मसुदा तिच्याच बोलीत मोठ्याने वाचायचा, हक्क कुणाच्या नावे सुटतोय तिथे बोट ठेवायचं. कागद घेऊन तिला सासरी जाऊ द्यायचं. पुढे तिने समजून-उमजून सोडला तर तो तिचा अधिकार, त्यात पुतण्यानेही आडवं येऊ नये. "सही दिली नाही तर माहेर तुटेल" असं घरात कुणी बोललं असेल, तर मात्र तिच्या होकाराला होकार धरू नये.

काका काही दिवस बोलणार नाहीत. ताटावरून उठतील, "आता मोठा झालास" म्हणतील. तेव्हा उलट उत्तर न देता त्यांच्या वाट्याचं पाणी रात्रपाळीच्या विजेवर जाऊन भरून यावं, आणि वारस नोंदीचा अर्ज पाचही नावांनी तयार ठेवावा. तीन महिन्यांची मुदत अबोल्यासाठी थांबत नाही.