तीस कुपनं

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मी पगारपत्रकं करतो. दुपारी कॅन्टीनच्या मावशी छातीशी कागद धरून आल्या. येळ्ळूरच्या, मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या. लेकीला बेंगळूरला पहिली नोकरी लागली होती, तिचं ते ऑफर लेटर.

"साडेतीन लाखाच्या वर हाय म्हणतीय. तेवढं वाचायला शिकवा की, दादा. वाचून दाखवू नका, शिकवा."

सीटीसी, म्हणजे कंपनीचा तिच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, 3,60,000. बाराने भागून मावशी आधीच तीस हजारावर पोचल्या होत्या. आठ हजार कर्जाचा हप्ता, दहा हजार खोली, असा बेतही ठरला होता.

मी त्यांनाच जेवणाची तीस कुपनं मांडायला लावली. एक कुपन म्हणजे महिन्याचे हजार रुपये. मग कागदावरच्या एकेका ओळीवर त्यांचं बोट ठेवलं. बेसिक 15,000, त्याचे बारा टक्के म्हणजे 1,800 कंपनी पीएफमध्ये भरणार. मावशी थबकल्या. "आमच्या स्लिपात पीएफ हाय, पण कापलेला. कंपनी माझा पण भरतीय?"

भरते की. स्लिपमध्ये तेवढी कापलेली रक्कमच दाखवतो आम्ही, कंपनीचा वाटा नाही. दर महिन्याला त्यांच्या हातात स्लिप देणारा मीच, आणि हे कधी बोललो नव्हतो.

पुढे ग्रॅच्युइटी, वर्षाला 8,658. पाच वर्षं टिकली तर मिळणार, एरवी कागदावरच. विम्याचा हप्ता 5,742. आणि व्हेरिएबल 36,000. हा शब्द त्यांनी दोनदा बोटाने चाचपला.

"हे मिळणारच?"

खालची बारीक अक्षरातली ओळ मी मराठीत सांगितली. काम बघून, वर्षअखेरीला, कंपनीच्या मर्जीप्रमाणे. आणि त्या दिवशी नोकरीत असली तरच.

"मग हे दिवाळीच्या बोनससारखं. आल्यावर मोजायचं."

पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा, व्हेरिएबल. चारही महिन्यावर आणले तर बरोबर सहा हजार. सहा कुपनं बाजूला सरकली, चोवीस राहिली. त्यातून लेकीचा स्वतःचा पीएफ आणखी 1,800. कर्नाटकात व्यवसाय कर पंचवीस हजारांपासून लागतो, तो इथे सुटला. हातात 22,200.

मावशी कुपनांकडे बघत बसल्या. मला वाटलं खट्टू होतील. त्यांनी पेन मागितलं, 'बेसिक' आणि 'व्हेरिएबल'खाली रेघा मारल्या, दोन्ही शब्दांच्या वर मराठीत उच्चार लिहिले. मग पिशवीतून फोन काढला.

"अगं, तीस नव्हं, बावीस. असू दे, कमी नाही ते. कागद वाचलाय मी. दहाची खोली घेऊ नको, दुसरीसंगं मिळून सहापर्यंतची बघ. आणि व्हेरिएबलचे पैसे कुणाला कबूल करू नकोस."

पलीकडून लेक काहीतरी विचारत होती.

"कुणी नाही सांगटलं. मीच वाचलं."

फोन ठेवून त्यांनी कुपनं गोळा केली, मोजली, आणि म्हणाल्या, "आता माझी स्लिप काढा."