‘मैं तुम्हारे बिना’पासून ‘मला तुझ्याशिवाय’पर्यंत

हिंदी चित्रपटांचे मराठी डबिंग लिहिताना मला मारामारीची दृश्ये कधीच फारशी अडवत नाहीत. अडवते ती नायकाची प्रेमाची कबुली. असेच एक दृश्य मध्यंतरी माझ्याकडे आले होते. रेल्वे फलाटावर नायिका निघालेली आहे, कॅमेरा नायकाच्या चेहऱ्याजवळ आहे आणि तो साधारण अशा धाटणीचे बोलतो: ‘जब से तुम मिली हो, मेरी ज़िंदगी बदल गई है. मेरी हर साँस पर तुम्हारा नाम लिखा है. मैं तुम्हारे बिना जी नहीं सकता.’

अशा वेळी मी आधी मुद्दाम शब्दशः मसुदा करतो, म्हणजे वाक्य नेमके कुठे मोडते ते दिसते. ‘माझ्या प्रत्येक श्वासावर तुझे नाव लिहिले आहे’ हे व्याकरणाने निर्दोष आहे, पण ते ऐकताच संगीत नाटकाचा पडदा वर गेल्यासारखे वाटते. त्याला एक कारण लेखनाचे आहे. ‘बदलले’, ‘लिहिले’ असे प्रमाण रूप संहितेत राहिले की कलाकार ते तसेच वाचतो आणि आवाज आपोआप भाषणी होतो. म्हणून संवाद ‘बदललं’, ‘लिहिलं’ असेच टंकित करावे लागतात. दुसरे कारण अधिक खोल आहे. हिंदी सिनेमाच्या प्रेक्षकाला श्वास, धडधड ही भाषा उर्दू शायरीच्या परंपरेमुळे ओळखीची असते. मराठी घरात मात्र कोणी श्वासावर नावे लिहीत नाही. तिथे माणूस फार तर ‘करमत नाही’ म्हणतो, आणि त्यात बरेच काही सांगून जातो.

मग मोह होतो तो अगदी घरगुती बोलण्याचा, आणि तिथे उलटा धोका असतो. ‘तू भेटलीस आणि माझं काही खरं राहिलं नाही’ हे वाक्य अस्सल मराठी आहे, पण डोळ्यांत पाणी आणून उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडी ते विनोदी होते. ‘करमत नाही’सुद्धा इथे बसत नाही, ते सुट्टीत गावी गेलेल्या मित्राबद्दलही म्हणता येते, त्यामुळे कायमच्या विरहाला ते हलके पडते.

अखेरीस मी पहिली दोन वाक्ये ‘तू भेटलीस आणि सगळंच बदललं गं. सारखी तूच असतेस डोक्यात’ अशी केली. श्वासाची प्रतिमा गेली, पण ‘तूच’मधल्या ‘च’ने तिचे बरेचसे काम केले. तिसऱ्या वाक्याला अधिक वेळ लागला, कारण तिथे ओठ स्पष्ट दिसत होते. ‘मैं’ म्हणताना ओठ मिटतात, तर ‘तुझ्याशिवाय’ने सुरुवात केली की ते उघडेच राहतात. ‘मला तुझ्याशिवाय नाही राहता येणार’ अशी रचना केल्यावर सुरुवातीचा ‘म’ जुळला. बोलताना मूळ ओळीत सुमारे 11 अक्षरे ऐकू येतात, माझ्या ओळीत 12. ‘राहता’ जरा पटकन उरकले की ती बसते. ‘बिना’तल्या ‘ब’ला मात्र जोड सापडली नाही, ‘शिवाय’मधल्या ‘व’ला ओठ थोडे जवळ येतात, तेवढ्यावर भागवले. ‘नाही’ क्रियापदाच्या आधी आणल्याचा आणखी एक फायदा झाला. ‘राहता येणार नाही’ ही सूचना वाटते, तर ‘नाही राहता येणार’ ही हतबलता.

खरी पंचाईत नायिकेच्या उत्तराने केली. आतापर्यंत त्याला ‘आप’ म्हणणारी ती इथे प्रथमच ‘तुम’वर येते, आणि दृश्याचा सगळा भार त्या एका पायरीवर आहे. मराठीत ‘आपण’ फार औपचारिक, म्हणून आधीच्या दृश्यांत ‘तुम्ही’ वापरले होते. तिथून एकदम ‘तू’वर उडी घेतली तर ती धिटाई वाटते, आणि ‘तुम्ही’ तसेच ठेवले तर जुन्या पिढीतली बायको नवऱ्याशी बोलते आहे असा भास होतो. सर्वनाम गाळूनही सुटका नाही, कारण ‘थांबाल’ आणि ‘थांबशील’ यांतून क्रियापदच चहाडी करते. तेव्हा त्या उत्तरापुरती मी पुरुष दाखवणारी क्रियापदेच टाळली: ‘इतके दिवस का नाही सांगितलं?’ यात ना ‘तुम्ही’ आहे ना ‘तू’. पहिला ‘तू’ मी पुढच्या, गाडी सुटतानाच्या वाक्यासाठी राखून ठेवला.

संहिता पाठवण्यापूर्वी मी ती घरातल्या कोणाला तरी दृश्य न दाखवता वाचायला देतो. वाचणारा नेहमीच्या आवाजात वाचत गेला तर ओळ ठीक आहे. त्याने आवाज खोल केला किंवा हात वर नेला, तर ती पुन्हा लिहावी लागते. ही कसोटी नायक स्वतः शायर असेल तेव्हा निरुपयोगी ठरते. त्या पात्राला मूळ हिंदीतही नटवेच बोलायचे असते, आणि तिथे साधेपणा आणला तर पात्रच बदलते.