आईची रोप चेन दोनदा तुटली तेव्हा

आईची रोप चेन, म्हणजे दोरीसारख्या पिळाची सोन्याची चेन, 22 कॅरेटची, 22 इंच, 12 ग्रॅमची. दिवाळीआधी हुकापासून दोन इंचांवर तुटली. घराजवळच्या दुकानात तासाभरात जोडून मिळाली आणि दोन महिन्यांत पुन्हा तुटली, तीही जिथं डाक, म्हणजे सांधा जोडणारा वितळवलेला धातू, लावला होता त्या जागेच्या अगदी शेजारी. आईच्या रोजच्या गळ्यातली ती चेन, त्यामुळे मला चैन पडेना.

या वेळी सांगलीत सराफ कट्ट्यावर एका जुन्या कारागिरांकडे गेले. त्यांनी चेन बोटावरून सोडली. बाकी सगळी मऊ दोरीसारखी खाली उतरली, पण जोडलेला गव्हाएवढा भाग काडीसारखा ताठ उभा राहिला. "ताई, दोष इथं आहे," म्हणत त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. रोपमध्ये एकेका कडीतून शेजारच्या कित्येक कड्या पिळाने गेलेल्या असतात. म्हणून ती ओढ चांगली सोसते. पण डाक वितळला की तो बारीक फटींत आपोआप ओढला जातो आणि एक कडी जोडताना शेजारच्याही चिकटतात. तो तुकडा वाकेनासा झाला की सगळं वाकणं त्याच्या कडेच्या कडीवर येतं. आमची चेन तिथंच तुटली होती.

"मग आता काय करायचं, काका?"

"मधे पुन्हा जोडायचं नाही. दोन इंच सोडून देऊ आणि हुक नव्या टोकाला बसवू. तिथं ताठ झालं तरी चालतं, हुकाजवळ चेन फारशी वाकत नाही."

चेन 20 इंचांची झाली. काढलेला तुकडा 1.1 ग्रॅम भरला, तो मी मजुरीत वळता न करता घरी आणला. चेन भरीव होती म्हणून हे जमलं. पोकळ रोपचा पत्रा इतका पातळ असतो की फुंकणीखाली तो पटकन वितळतो. तेवढ्याच लांबी-जाडीची चेन हातात खूपच हलकी लागली तर पोकळ आहे का, हे विचारून घ्यावं.

लेकीला बारीक बॉक्स चेन हवी होती, तीही तिथंच पाहिली. चौकोनी कड्या एकमेकींत घट्ट बसतात, म्हणून ती सरळ आणि चकचकीत दिसते. पण बारीक बॉक्स अंगाखाली दुमडली की कोपरा पडतो आणि तो सरळ करताना कडी चिरते. जाड बॉक्सला हा त्रास कमी. काकांनी त्यांच्याकडे आलेली एक चेन बोटावर टाकून दाखवली, त्यात तीन कोपरे स्पष्ट दिसत होते.

शेवटी लेकीसाठी चपट्या, पिळलेल्या कड्यांची करब चेन घेतली. तिची प्रत्येक कडी सुटी असते. एखादी झिजली तर तेवढीच उघडून बदलता येते, आणि डाक त्या एकाच सांध्यावर राहतो. लेक थोडी हिरमुसली. पण ती झोपतानाही चेन काढत नाही, हे मला माहीत होतं.