मीच फेकून दिलेले एकोणीस सौदे

बाजार बंद झाला की आमच्याकडे एक हिशोब आपोआप चालतो. दिवसभरात डेटाबेसच्या टेबलात साठवलेल्या सगळ्या टिक्सचे, म्हणजे एकेका सौद्याच्या नोंदींचे, नग मोजायचे आणि ती बेरीज एक्स्चेंजने जाहीर केलेल्या दिवसाच्या व्हॉल्यूमशी ताडून बघायची. हा हिशोब नवा होता, सुरू होऊन जेमतेम चार दिवस झाले होते. त्याआधी दीड वर्ष आमचं टेबल कुणीच ताडून बघितलं नव्हतं. एक्स्चेंजकडून सौद्यांचं फीड येतंय, आलेख हलताहेत, म्हणजे सगळं ठीक असणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मी धरून.

पाचव्या दिवशी हिशोब लिहिणारी सहकारी माझ्या डेस्कशी आली आणि म्हणाली, "अरे, तुझा आकडा रोज कमीच येतो. एकदाही जास्त येत नाही."

तिच्या बोलण्यातला महत्त्वाचा भाग हा दुसरा होता. चूक कधी इकडे कधी तिकडे जात असेल तर ती गोंधळातून येते. एकाच बाजूला जाणाऱ्या चुकीमागे कुणाचा तरी नियम असतो. शिवाय तूट सगळीकडे सारखी नव्हती. ज्या शेअरचे सौदे दिवसाला शंभर-दोनशे होतात तिथे आकडा तंतोतंत जुळत होता. ज्यात सतत झुंबड असते अशा एका शेअरमध्ये तीन टक्के कमी भरत होते.

पहिला संशय साहजिकच नेटवर्कवर गेला. आमच्याकडे फीड दोन लाईन्सवरून येतं, दोन्हींवर मजकूर तोच. एका लाईनवरचं पॅकेट हरवलं तर दुसरीवरचं घ्यायचं, अशी ही सोय. प्रत्येक लाईनवरच्या पॅकेटला ओळीने नंबर असतो, त्यामुळे मध्ये काही गळलं तर लगेच कळतं. मी दिवसभराचे नंबर तपासले, एकही खाडा नव्हता. म्हणजे माल दारापर्यंत पूर्ण पोहोचला होता. तो घरात हरवत होता.

नेटवर्कवाल्यांनी त्यांच्या कुठल्याशा कामासाठी त्या आठवड्यात कच्ची पॅकेट्स साठवून ठेवली होती, हे नशीब. मी तो ढीग उघडला आणि टेबलाशेजारी ठेवून मिलिसेकंदागणिक वाचत गेलो. ११:०२:१४.३३७ ला सापडलं. त्या एका मिलिसेकंदात वीस संदेश होते. प्रत्येकाचा भाव २५०.५०, प्रत्येकात १०० नग. टेबलात त्यांतला एकच होता.

झालं होतं ते असं. कुणीतरी २,००० नगांची खरेदी एकदम टाकली. समोर २५०.५० या भावाला शंभर-शंभर नगांच्या वीस विक्री ऑर्डर्स रांगेत उभ्या होत्या. एक ऑर्डर वीस जणांशी जुळली, म्हणून एक्स्चेंजच्या दृष्टीने ते वीस वेगळे सौदे झाले. भाव, नग आणि वेळ एकच असली तरी सौदे वीस. आमच्या फिल्टरला मात्र ती एक टिक आणि तिच्या एकोणीस नकला वाटल्या. १,९०० नग केराच्या टोपलीत गेले.

फिल्टर मीच लिहिला होता, त्यामुळे 'कुणाच्या डोक्यातून निघालं हे' असं म्हणायची सोय उरली नव्हती. शेअर, भाव, नग आणि वेळ या चार गोष्टींचा हॅश, म्हणजे त्यांच्यापासून बनणारा एक ठसा, काढायचा, गेल्या दहा मिनिटांचे हॅश मेमरीत ठेवायचे आणि तोच पुन्हा आला की टिक टाकून द्यायची. दोन लाईन्समुळे प्रत्येक सौदा मुळातच दोनदा येतो. लाईन तुटून पुन्हा जोडली गेली की समोरचा सर्व्हर मागचे संदेश परत पाठवतो. त्यामुळे असा काहीतरी फिल्टर हवाच होता. चाचणीत तो सुरेख चालला, कारण चाचणीचा डेटा शांत दिवसाचा होता.

पण नकला ओळखायचं काम डेटाबेसवर न सोडता मी मेमरीत का आणलं, याचं कारण आता आठवलं की लाज वाटते. आमचं टेबल टिक आमच्याकडे पोहोचल्याच्या वेळेनुसार पार्टिशन केलेलं, म्हणजे तुकड्यांत विभागलेलं होतं. पोस्टग्रेसमध्ये पार्टिशन केलेल्या टेबलावर तीच ओळ दुसऱ्यांदा आत येऊ न देणारी युनिक की लावायची तर पार्टिशनचा कॉलम त्या कीमध्ये असावाच लागतो. मी तो घातला. मग एकच सौदा दोन लाईन्सवरून काही मायक्रोसेकंदांच्या फरकाने आला की पोहोचल्याची वेळ वेगळी, म्हणून की वेगळी, म्हणून दोन्ही ओळी निमूटपणे आत. तेव्हा मी 'डेटाबेसने नकला थांबत नाहीत' असा निष्कर्ष काढला आणि फिल्टर लिहायला बसलो. खरं तर पार्टिशनचा कॉलम चुकीचा निवडला होता. सौदा आमच्याकडे कधी पोहोचला हा सौद्याचा गुणधर्मच नाही, तो आमच्या वायरचा आहे.

सौद्याची ओळख त्याला जिथे जन्म मिळाला तिथूनच यायला हवी. एक्स्चेंज प्रत्येक सौद्याला नंबर देतं. अमेरिकेतल्या नॅसडॅकच्या आयटीसीएच ५.० या फीडमध्ये त्याला `Match Number` म्हणतात. आमच्या फीडमध्येही तसा नंबर होता. तो आम्ही वाचत होतो आणि साठवायच्या आधी टाकून देत होतो, कारण टेबल आखताना 'याचा उपयोग काय' असं कुणीतरी विचारलं आणि उत्तर कुणाकडेच नव्हतं. पॅकेटचा नंबर या कामाला चालत नाही. तो लाईनचा असतो, तोच सौदा दोन लाईन्सवर दोन वेगळ्या नंबरांच्या पॅकेटमधून येऊ शकतो. पॅकेटच्या नंबरावरून काही गळलं का ते कळतं, आणि सौद्याच्या नंबरावरून हे आधी आलं होतं का ते. मी इतके दिवस दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर भाव आणि वेळेकडे मागत होतो.

नवं टेबल सौद्याच्या तारखेवर पार्टिशन केलं. सौद्याचे नंबर रोज नव्याने सुरू होतात, त्यामुळे तारीख कीमध्ये हवीच होती, पार्टिशनची अटही त्यातच भागली.

```sql
INSERT INTO ticks (trade_date, symbol, trade_no,
                   msg_type, price, qty, recv_at)
SELECT trade_date, symbol, trade_no,
       msg_type, price, qty, recv_at
FROM ticks_staging
ON CONFLICT (trade_date, symbol, trade_no, msg_type)
DO NOTHING;
```

मध्ये `ticks_staging` आहे, कारण `COPY` ने भराभर ओतता येतं पण `COPY` ला `ON CONFLICT` चालत नाही. आधी तिथे ओतायचं, मग तिथून गाळून घ्यायचं. कीमधला `msg_type` माझ्या पहिल्या मसुद्यात नव्हता. एक्स्चेंजने सौदा रद्द केला की रद्द झाल्याचा संदेश त्याच सौद्याच्या नंबराने येतो, आणि माझ्या पहिल्या कीने तो बिनबोभाट गिळला असता. हे त्याच सहकारीने दाखवून दिलं. एकाच दिवशी एकाच माणसाने दोनदा वाचवणं जरा जडच जातं.

यानंतर उलटसुलट क्रमाचा प्रश्न. टीममध्ये एक मत होतं की टेबलात ओळी कुठल्याही क्रमाने जाऊ देत, वाचताना `ORDER BY` लावू. ते अर्धं बरोबर आहे, फक्त वेळेवर लावून भागत नाही. एका मिलिसेकंदात वीस सौदे असतील तर त्यांचा आपसातला क्रम वेळ सांगू शकत नाही. आमच्या फीडमध्ये तो सौद्याच्या नंबरावरून कळतो. उरलेलं अर्धं म्हणजे मिनिटाच्या कँडल्स, म्हणजे त्या मिनिटातल्या पहिल्या, शेवटच्या, सर्वांत वरच्या आणि खालच्या भावाची नोंद. त्या आम्ही टिक येईल तशा बनवतो, आणि त्यांचा शेवटचा भाव क्रमावरच ठरतो. ११:०२:५९.९९८ चा सौदा आमच्याकडे ११:०३:००.०१५ ला आला, तर तो ११:०२ च्या कँडलमध्ये बसायला हवा. आमच्याकडे तो पुढच्या कँडलचा पहिला भाव होत होता.

म्हणून प्रत्येक शेअरसाठी छोटी रांग केली. टिक आली की तिथे थांबते, रांग सौद्याच्या नंबराने लागलेली असते, दोन सेकंद झाले की पुढे जाते आणि मग कँडलमध्ये मोजली जाते. दोन सेकंद हवेतून काढले नाहीत. त्या कच्च्या ढिगात उशिरा आलेल्या टिक्सचा उशीर मोजला. दोन लाईन्सच्या ओढाताणीतला उशीर वीस मिलिसेकंदांच्या आत संपत होता, आणि लाईन पुन्हा जोडल्यावर येणारा मागचा माल दीड सेकंदापर्यंत रेंगाळत होता. पडद्यावर भाव दाखवणाऱ्याला दोन सेकंद परवडणार नाहीत, साठवणाऱ्याला परवडतात. त्याहूनही उशिरा आलेली टिक टाकून देत नाही. ती टेबलात जाते आणि त्या मिनिटाची कँडल पुन्हा काढली जाते. एक बारकी गोष्ट मात्र चुकवू नये: हे दोन सेकंद भिंतीवरच्या घड्याळाने मोजू नयेत. सर्व्हरचं घड्याळ कुणी मागे सरकवलं तर रांग तुंबून बसते. कधीच मागे न जाणारा मोनोटॉनिक टायमर यासाठीच असतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हिशोब जुळला. सगळ्या शेअर्सचा, शेवटच्या नगापर्यंत. तरीही मी हे लिहितोय ते मागच्या दीड वर्षासाठी.

जुन्या टेबलात सौद्याचा नंबर नाही, पण प्रत्येक टिकसोबत आलेलं दिवसाचं चढतं व्हॉल्यूम आहे. ११:०२:१४.३३७ ची जुनी नोंद काढली. १०० नगांची टिक, व्हॉल्यूम ४८,२००. तिच्या पुढची टिक २५० नगांची, व्हॉल्यूम ५०,३५०. २५० ने वाढायला हवं होतं, २,१५० ने वाढलं. म्हणजे १,९०० चं भोक, आणि असली भोकं आमच्याच टेबलात दीड वर्ष उघडी पडली होती. फिल्टरने टाकलेली प्रत्येक टिक ठेवलेल्या टिकची हुबेहूब जुळी होती, म्हणजे १,९०० भागिले १०० करून एकोणीस ओळी मी परत उभ्या करू शकतो. पण त्याच मिलिसेकंदात १०० चीही टिक असेल आणि ५० चीही, तर २०० चं भोक दोन शंभरांनी भरायचं, चार पन्नासांनी, की एक शंभर आणि दोन पन्नासांनी? टेबल ते सांगत नाही.

सहकारी म्हणते, भरू नकोस, जे सौदे आपल्याकडे नाहीत ते लिहायचे नाहीत. मी म्हणतो, ते आपल्याकडे आलेच होते, आपणच हाकलले. जिथे भागाकार एकाच तऱ्हेने होतो तेवढीच भोकं वेगळ्या खुणेने भरावीत, असं मला अजूनही वाटतं. मधल्या काळात या टेबलावर कुणीतरी व्हॉल्यूमचे सरासरी आकडे काढून वापरलेत. त्यांना काय कळवायचं त्याचा मसुदा तीन दिवस माझ्या ड्राफ्टमध्ये पडून आहे.