तुम्ही विचारलंत म्हणून: खताच्या बादलीचा व्हिडिओ

"आमच्या सोसायटीतल्या लोकांना ओल्या कचऱ्याचं खत घरच्या घरी करता यावं म्हणून छोटा व्हिडिओ करायचाय. त्यात काय काय दाखवू? आणि वास, अळ्या यांचं काय सांगू?"

आधी बिघडलेली बादली दाखवा. चांगली नंतर.

हे मी अनुभवाने सांगते. आमच्या सोसायटीसाठी मी पहिला व्हिडिओ केला तेव्हा त्यात बादली भरली, वर पाला घातला, झाकण लावलं आणि पुढच्याच दृश्यात हातात भुसभुशीत काळं खत. मधले दोन महिने गायब. बघणाऱ्यांनी उत्साहाने बादल्या मांडल्या आणि दुसऱ्या आठवड्यात फोन सुरू झाले. बहुतेकांचं म्हणणं एकच: "तुम्ही दाखवलं तसंच केलं, मग आमच्याकडे वास का?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. बारावा दिवस कसा दिसतो ते मी दाखवलंच नव्हतं.

म्हणून दुसऱ्या व्हिडिओसाठी एकच बादली घेतली आणि ती त्याच जागेवरून, त्याच उजेडात, दर तिसऱ्या दिवशी वरून टिपली. तुम्हीही तसंच करा. फोन टेकवायची जागा खडूने आखून ठेवा. कचरा खाली बसत जातो, पांढरी बुरशी येते, रंग तपकिरी होतो हे सलग दिसलं की पांढरी बुरशी बघून कुणी घाबरत नाही. ती बुरशी चांगलीच असते, पाल्यातले चिवट धागे तीच फोडते.

सुरुवातीची दृश्यं पटकन उरका. रंगाची २० लिटरची रिकामी, स्वच्छ धुतलेली बादली पुरते. तळाला आणि चारी बाजूंनी बोटभर अंतरावर भोकं पाडताना दाखवा, भोक पेन्सिल जाईल एवढं. बादली दोन विटांवर, खाली ताटली. तळाशी नारळाच्या शेंड्या किंवा बारीक काटक्यांचा चार बोटं थर, त्यावर सुका पाला, त्यावर दोन मुठी जुनं खत. जुनं खत नसेल तर वाटीभर आंबट ताक शिंपडा. दह्याला विरजण लागतं तसंच हे, जिवाणूंची सुरुवात करून देणारं. मग रोजचा कचरा: भाज्यांची देठं, सालं, चहाचा चोथा. बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे करून. चोथ्यात दूध-साखर असते, तो एकदा पाण्यातून काढून घट्ट पिळून टाकायचा.

इथे कॅमेरा थांबवा, कारण लोकांचं चुकतं ते इथेच. कचरा एक वाटी टाकला तर सुका पाला किमान एक वाटी, रोज, न चुकता. व्हिडिओत दोन सारख्या वाट्या शेजारी ठेवून दाखवा. "वर थोडा पाला पसरा" असं म्हटलं की प्रत्येकाचा "थोडा" वेगळा निघतो. आमच्याकडे बहुतेकांचा थोडा म्हणजे एक चिमूट होता. पाला मिळत नसेल तर फाडलेला पुठ्ठा, अंड्यांचे कागदी ट्रे किंवा लाकडाचा भुसा चालतो. कोकोपीट पाणी जास्त ओढतं, ते अर्धी वाटी पुरतं.

सालांमध्ये पाणी भरपूर असतं. ते सुटलं की तुकड्यांमधली हवेची जागा पाण्याने भरते, हवेवर जगणारे जिवाणू गुदमरतात आणि हवेशिवाय जगणारे त्यांची जागा घेतात. कुजकट वास या दुसऱ्या मंडळींचा. सुका पाला पाणी शोषतो आणि पोकळी राखतो, दोन्ही कामं करतो. बादलीच्या निम्म्याहून अधिक तक्रारी या एकाच गोष्टीपाशी येतात, म्हणून माझ्या व्हिडिओतलं सगळ्यात लांब दृश्य मुठीचं आहे.

बादलीच्या मधल्या थरातून मूठभर मिश्रण घ्यायचं, हातमोजा घालून, आणि जोरात आवळायचं. बोटांतून एक-दोन थेंब आले की ओल बरोबर. धार लागली तर फार ओलं. मूठ उघडल्यावर गोळा न राहता भुगा पसरला तर फार कोरडं. तिन्ही मुठी एकापाठोपाठ, अगदी जवळून घ्या आणि त्यावर काही बोलू नका. पाण्याची धार फरशीवर पडण्याचा आवाज येऊ द्या.

वासाची अडचण अशी की तो पडद्यावर दिसत नाही. "दुर्गंधी आल्यास" असं निवेदन काही कामाचं नाही, कारण दोन वेगळ्या वासांवर दोन वेगळे उपाय आहेत. वासाला घरातल्या ओळखीचं नाव द्या. पहिल्या आठवड्यात इडलीच्या पिठासारखा आंबूस वास येतो, झाकण उघडल्यावरच जाणवतो, त्याला काही करू नका. सडक्या अंड्याचा वास म्हणजे हवा नाही. मुतारीसारखा, नाकाला झोंबणारा वास म्हणजे अमोनिया: हिरवं, ताजं फार झालं आणि सुकं कमी पडलं, त्यामुळे जादा नत्र वाऱ्यावर निघालं. सडक्या अंड्याच्या वासात बादली उपसावी लागते, अमोनियाच्या वासात भुसा किंवा पाला मिसळून ढवळलं की दोन दिवसांत वास बसतो. चुना मात्र टाकू नका. लोक हमखास टाकतात, पण चुन्याने अमोनिया आणखी सुटतो. फिनाईल तर नाहीच, ते ज्या जिवाणूंच्या जिवावर सगळं चाललंय त्यांनाच मारतं.

उपसण्याचं दृश्य मला चौथ्या मजल्यावरच्या काकूंमुळे मिळालं. मे महिना, घरी पाहुणे, दोन दिवसांत दोन डझन आंब्यांचा रस. सालं आणि कोयी सगळ्या बादलीत, वर नेहमीचाच मूठभर पाला. चौथ्या दिवशी काकूंनी मला वर बोलावलं. ताटलीत तपकिरी पाणी, झाकणावर चिलटांचा थर आणि तोच सडक्या अंड्याचा वास. "बाई गं, ही बादली आता तू घेऊन जा," म्हणाल्या. मी फोन काढला आणि त्यांना विचारून सगळं टिपलं.

गॅलरीत जुनी वर्तमानपत्रं अंथरून बादली उलटी केली. वरचा वीतभर थर ठीक होता, खालचा काळा, चिकट लगदा. तळाची भोकं सालांनी बुजलेली, ती काडीने मोकळी केली. कोयी वेचून बाजूला काढल्या, त्या दोन-तीन महिन्यांत कुजत नाहीत आणि नुसती जागा अडवतात. लगदा पसरून अर्धा तास वाऱ्यावर ठेवला. मग त्यात सुका पाला मिसळत गेलो, दर वेळी मूठ आवळून बघत. अर्ध्या बादलीच्या लगद्याला जवळजवळ बादलीभर पाला लागला, तेव्हा कुठे धार थांबून थेंब आले. एवढा लागेल असं मलाही वाटलं नव्हतं. एका बादलीच्या दोन झाल्या. वास दुसऱ्या दिवशी निम्मा आणि तिसऱ्या दिवशी गेला.

चिलटं मात्र गेली नाहीत, आणि काकू पुन्हा हताश झाल्या. म्हणून चिलटांचा भाग व्हिडिओत तारखा घालून दाखवा. चिलटाची अंडी बहुतेकदा पिकल्या फळाच्या सालावरूनच घरात येतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात अंड्यापासून उडणाऱ्या चिलटापर्यंत आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे आज सगळं नीट केलं तरी आत असलेली पिढी आठवडाभर बाहेर येतच राहणार. वर दोन इंच कोरड्या पाल्याचा थर कायम ठेवला की नव्यांना अंडी घालायला ओली जागा मिळत नाही. झाकणाखाली सुती कापड ताणून दोऱ्याने बांधायचं. शेजारी वाटीत थोडं व्हिनेगर आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, त्यात उडणारी बुडतात. काकूंकडे अकराव्या दिवशी झाकण उघडलं तेव्हा एकही उडालं नाही, ते दृश्य मी तसंच ठेवलंय. आता त्या आंब्याची आणि केळ्याची सालं रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून मग बादलीत घालतात.

अळ्या बघून माणसं बादलीच फेकून देतात, म्हणून त्या जवळून दाखवा, ओंगळ वाटलं तरी. करड्या-तपकिरी, चपट्या, पेरापेरांच्या, पाऊण इंच लांब असतील तर त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या. त्या चावत नाहीत, कचरा झपाट्याने खातात, आणि त्यांच्या माश्या घरमाशीसारख्या आपल्या अन्नावर घोंघावत नाहीत. बारीक, दुधाळ, एका टोकाला निमुळत्या असतील तर त्या घरमाशीच्या, त्यांना माशी होऊ द्यायचं नाही. उपाय दोन्हींना तोच: मूठ आवळून बघा, पाला वाढवा, वरचा थर कोरडा ठेवा. शिजलेलं उरलंसुरलं, तेलकट भाजी, दूध, मांसमच्छी हे सगळं बंद, निदान पहिले सहा महिने. झुरळं आणि उंदीर त्यासाठीच येतात. बादली तळमजल्यावर किंवा गच्चीत असेल तर भोकांवर आतून बारीक लोखंडी जाळी लावा, उंदीर प्लास्टिक सहज कुरतडतो.

मुंग्या आल्या तर उलट अर्थ: बादली कोरडी पडलीय. ओंजळभर पाणी शिंपडून ढवळा. आणि आजीच्या काळी दुधाच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे, तशा विटा पाण्याच्या ताटलीत ठेवा. डासांसाठी ते पाणी दर दोन दिवसांनी बदलायचं.

दर तीन-चार दिवसांनी खुरप्याने तळापर्यंत ढवळणं एकदाच दाखवलं तरी पुरे. चौघांच्या घरची बादली साधारण महिन्याभरात भरते, मग ती झाकून बाजूला ठेवायची आणि दुसरी सुरू करायची. बाजूची बादली अधूनमधून ढवळत, ओल राखत आणखी दीड महिना. झालं का ते बघायला मूठभर ओलसर खत पिशवीत बंद करून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला तर तयार, आंबूस आला तर आणखी पंधरा दिवस. कच्चं खत कुंडीत घातलं तर मुळं जळू शकतात. तयार खतही मातीच्या चौथाईपेक्षा जास्त नको.

शेवटचं दृश्य चाळणीचं घ्या. खाली बारीक खत पडतं, वर न कुजलेल्या काटक्या, शेंड्या, सालांचे तुकडे उरतात. ते कचऱ्यात टाकू नका. त्यांना जिवाणू चिकटलेले असतात, पुढच्या बादलीच्या तळाशी तेच विरजण. कॅमेरा तिथेच बंद करा, नव्या बादलीत ते पडताना.