पंधरा ग्रॅमची ट्यूब

इंदूरच्या रामबागेतली 41 वर्षांची ती बाई फेब्रुवारीत ओपीडीत आली ती लघवीच्या जळजळीची तक्रार घेऊन. सोबत नवरा आणि फुगलेली फाइल. सात महिन्यांत अँटिबायोटिकचे चार कोर्स झाले होते, बुरशीच्या गोळ्या दोनदा आत ठेवून झाल्या होत्या आणि औषधाच्या दुकानातून आणलेल्या वॉशने रोजची धुणी चालली होती. लघवीचे कल्चर दोन वेळा केलेलं होतं आणि दोन्ही वेळा त्यात जंतू वाढले नव्हते. जंतूच नाहीत तर अँटिबायोटिक कशाला, हा प्रश्न त्या फाइलला कोणी विचारलेला दिसला नाही.

ऑपरेशन काय झालं, असं विचारल्यावर ती म्हणाली, "पिशवी काढली, फायब्रॉइड होते ना." आपल्याकडे सगळेच असं बोलतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. पिशवी म्हणजे गर्भाशय. ते काढलं की पाळी थांबते, पण अंडाशयं जागेवर असतील तर हार्मोन बनत राहतात. डिस्चार्ज कार्डावर मात्र टी.ए.एच. विथ बी.एस.ओ. लिहिलेलं होतं. 'टी.ए.एच.' म्हणजे पोटावरून पूर्ण गर्भाशय काढणं, आणि 'बी.एस.ओ.' म्हणजे दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि दोन्ही अंडाशयंही काढणं. पॅथॉलॉजीच्या अहवालात दोन्ही अंडाशयं निरोगी असल्याची नोंद होती. ती गेल्याचं तिला आठ महिन्यांनी, माझ्या टेबलासमोर कळलं. ऑपरेशन कुठं झालं ते इथं महत्त्वाचं नाही. सही घेताना ही एक ओळ मराठीत किंवा हिंदीत सांगायला दोन मिनिटं लागली असती, एवढं मात्र वाटून गेलं.

मग बाकीचं आपोआप बाहेर आलं. ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवसापासून अंगातून वाफा निघाल्यासारखं होत होतं. माळव्यातल्या जानेवारीच्या रात्री ती रजई फेकून पंखा लावत होती. झोप तुटत होती, सांधे धरत होते, चिडचिड वाढली होती. नैसर्गिकपणे पाळी जाते तेव्हा इस्ट्रोजेन काही वर्षं चढउतार करत ओसरतं. अंडाशयं काढली की ते एक-दोन दिवसांत तळाला जातं, आणि सोबत टेस्टोस्टेरॉनही साधारण निम्म्यावर येतं. म्हणून हा त्रास जास्त बोचतो. अशा वेळी पाळी गेली का हे सांगणारं एफएसएच हार्मोन तपासायला पैसे घालवू नयेत, कार्ड वाचलं की निदान झालं.

तपासणीला योनीमार्ग उघडून पाहायचा सर्वात लहान स्पेक्युलम घेतला, तरी तिने मुठी आवळल्या. योनीमार्ग फिकट, चुण्या सपाट झालेल्या, हात लागताच बारीक रक्ताचे ठिपके. पीएच पट्टी 6 दाखवत होती. निरोगी तरुण स्त्रीत हा आकडा साधारण 4.5 च्या आत असतो. इस्ट्रोजेनमुळे अस्तराच्या पेशींत ग्लायकोजेन साठतं, त्यावर लॅक्टोबॅसिलस हे उपयोगी जंतू जगतात आणि आम्ल तयार करतात. इस्ट्रोजेन गेलं की अस्तर पातळ होतं आणि आम्लही संपतं. मूत्रनलिकेच्या तोंडालाही हेच होतं, म्हणून जंतू नसताना आग होते. वॉशने ती वाढतच होती, तो त्याच दिवशी बंद केला. स्पेक्युलममधून आणखी एक गोष्ट पाहिली: गर्भाशयमुख काढलेलं आहे का? ते मागे ठेवलं असेल तर त्याच्या वर थोडं अस्तर उरू शकतं आणि औषधाचा हिशेब बदलतो. इथं काहीच उरलं नव्हतं.

म्हणून फक्त इस्ट्रोजेन पुरेसं होतं. गर्भाशय असलेल्या बाईला सोबत प्रोजेस्टेरॉन द्यावंच लागतं, नाहीतर आतलं अस्तर वाढत जाऊन कॅन्सरची भीती निर्माण होते. मी इस्ट्राडिओलची जेल दिली, ट्यूबसोबतच्या पट्टीने रोज एक माप, म्हणजे 2.5 ग्रॅम. त्यात 1.5 मिलिग्रॅम इस्ट्राडिओल असतं. कोरड्या दंडावर किंवा मांडीवर पसरून लावायची, स्तनांवर नाही, आणि तासभर तिथं पाणी लागू द्यायचं नाही. गोळीऐवजी जेल अशासाठी की गोळी आधी यकृतातून जाते आणि रक्ताच्या गाठींचा धोका वाढवते. नेहमीच्या मात्रेत त्वचेवाटे दिलेल्या इस्ट्रोजेनने तो वाढल्याचं दिसत नाही. ही बाई वजनदार होती, म्हणून तर हा विचार जास्तच.

"पण मॅडम, हार्मोनने कॅन्सर होतो ना?" नवऱ्याने विचारलं. ही भीती 2002 मधल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासातून पसरली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं, आणि स्तनांच्या कॅन्सरची वाढ दिसली ती इस्ट्रोजेनसोबत कृत्रिम प्रोजेस्टेरॉन घेणाऱ्यांत. गर्भाशय नसलेल्या, फक्त इस्ट्रोजेनची गोळी घेणाऱ्या गटाचे निकाल 2004 मध्ये आले. त्यात स्तनांचा कॅन्सर वाढला नव्हता, पक्षाघात मात्र थोडा वाढला होता. शिवाय 41 व्या वर्षी आपण जास्तीचं काही देत नाही, गेलेलं परत देतो. न दिलं तर हाडं आणि हृदय किंमत मोजतात. स्तनांचा कॅन्सर होऊन गेलेला असता, तर मात्र मी जेलचं नावही काढलं नसतं.

कोरडेपणासाठी वेगळं इस्ट्रिओल क्रीम लिहिलं. अंगातल्या इस्ट्रोजेनने वाफा थांबल्या तरी काही बायकांना योनीमार्गात ते पुरत नाही. ॲप्लिकेटरच्या रेघेपर्यंत, म्हणजे अर्धा ग्रॅम, दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा.

सहा आठवड्यांनी ती हसत आली. वाफा दिवसातून दोन-तीनवर आल्या होत्या, झोप लागत होती. पण "खालचं तसंच आहे, मॅडम. क्रीम लावतेय, उपयोग नाही."

मी ट्यूब मागितली. ती 15 ग्रॅमची होती. पहिल्या दोन आठवड्यांचे सात ग्रॅम आणि पुढच्या चार आठवड्यांचे चार, म्हणजे अकरा ग्रॅम संपायला हवे होते. ट्यूब जवळजवळ भरलेली होती.

पाच दिवस लावून तिने थांबवलं होतं. आग झाली म्हणून, आणि डब्यातल्या कागदावर पक्षाघात आणि गर्भाशयाचा कॅन्सर वाचला म्हणून. पुढे कधीतरी संबंधाच्या आधी वंगणासारखं थोडं चोळत होती. हे चुकीचं, कारण तेव्हा औषध नवऱ्यालाही लागतं आणि आत टिकत नाही. संबंधासाठी साधं पाण्याचं ल्युब्रिकंट वेगळं ठेवायला सांगितलं.

कागदावरचे इशारे मोठ्या मात्रेच्या हार्मोनवरून जसेच्या तसे उतरवलेले असतात. या मात्रेत रक्तात पोहोचणारं औषध फारच थोडं. सुरुवातीला पातळ अस्तरातून थोडं जास्त शोषलं जातं, अस्तर जाड झालं की कमी. आगही पातळ अस्तराचीच, ॲलर्जी क्वचित. मी क्रम बदलला. पहिला आठवडा बोटावर वाटाण्याएवढं घेऊन फक्त तोंडाशी आणि लघवीच्या जागेभोवती. नंतर ॲप्लिकेटर, झोपताना, गुडघे दुमडून, जिथं सहज थांबेल तिथंच थांबून. धुवायला कोमट पाणी, उकळतं नाही. आणि दहा-बारा आठवड्यांच्या आत निकाल मागायचा नाही.

जूनमध्ये पीएच पट्टी 4.5 वर होती, अस्तर गुलाबी, मोठा स्पेक्युलम न दुखता गेला. मधल्या काळात अँटिबायोटिक एकदाही नाही. कधीपर्यंत, असं तिने विचारलं. जेल पन्नाशीपर्यंत तरी, मग पुन्हा बसून ठरवू. क्रीम मात्र बंद केलं की काही महिन्यांत कोरडेपणा परततो, म्हणून ते चालूच.

"दुसरी ट्यूब फोडलीय," असं म्हणत तिने पर्समधून पहिली काढून टेबलावर ठेवली. टोकापासून गुंडाळत आणलेली, अगदी चपटी.